मेल्यानंतरची पंधरा सेकंदं

‘रॉकेट लीग’ नावाच्या खेळात गाड्या फुटबॉल खेळतात. दोन्ही बाजूंना दोन-तीन गाड्या, मध्ये गाडीहून मोठा चेंडू आणि पाच मिनिटांचा सामना. 2015 मध्ये आलेला हा खेळ इतका वेगवान आहे की खेळता खेळता टाइप करायला हात मोकळा नसतो. म्हणून बनवणाऱ्यांनी काही तयार वाक्यं बटणांवर बसवून दिली. ‘नाइस शॉट!’, ‘सॉरी!’, ‘वॉट अ सेव्ह!’ अशी सगळी साधी, सभ्य, शाळेतल्या बाईंनाही चालतील अशी वाक्यं आहेत. त्यातलं ‘वॉट अ सेव्ह!’ हे गोल वाचवणाऱ्याला शाबासकी देण्यासाठी होतं. प्रत्यक्षात ते हमखास झळकतं ते गोल झाल्यावर. समोरच्याने सोपा चेंडू सोडला, गोल बसला, की पडद्यावर येतं ‘वॉट अ सेव्ह!’ आणि लागोपाठ आणखी दोनदा तेच. ज्याने हे सोसलंय त्याला विचारा, एखादी सणसणीत शिवी त्यापेक्षा परवडली असती.

गंमत अशी की, हेच वाक्य दोन मित्र रात्री जेवणं झाल्यावर एकमेकांवर फेकतात तेव्हा दोघंही हसत असतात. वाक्य तेच, बटण तेच, गोलही तसाच. म्हणजे कुठल्या शब्दांना परवानगी आणि कुठल्यांना बंदी अशी यादी करून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. ऑनलाइन खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी तो तसा लावून पाहिला आणि त्यांना चांगलेच फटके बसले. ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याशी बोलायला जेमतेम सहा ठरलेले उद्गार होते. लोकांनी त्यातलं ‘सॉरी’ असं वापरायला सुरुवात केली की समोरचा हरताना त्याच्या जखमेवर मीठ चोळलं जावं. ब्लिझर्ड कंपनीने 2016 मध्ये ते ‘सॉरी’ काढून टाकलं आणि त्या जागी ‘वॉव’ ठेवलं. मग लोक ‘वॉव’ने चिडवू लागले.

खेळात एकमेकांना डिवचणं, म्हणजे ट्रॅश टॉक, मला मुळात वाईट वाटत नाही. तो खेळाइतकाच जुना प्रकार आहे आणि स्पर्धेला चव आणतो. पण त्याच्याच वेषात जे दुसरं काही फिरतं, ते वेगळं ओळखता आलं पाहिजे. ओळखायची एक चांगली खूण साठ-सत्तरच्या दशकात एका भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिली होती. तेव्हा असले खेळ नव्हतेच.

विल्यम लबॉव न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय मुलांची बोली अभ्यासत होता. तिथली पोरं घोळका करून एकमेकांच्या घरच्यांवरून, विशेषतः आईवरून, अचाट टोमणे मारत. एकाने मारला की दुसऱ्याने त्याहून वरचढ मारायचा आणि भोवतालच्यांनी हसून गुण द्यायचे. 1972 मध्ये छापलेल्या लेखनात लबॉवने त्यातला नियम सांगितला. असा टोमणा चालतो, कारण तो खरा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तो जितका अशक्य, तितका सुरक्षित. मात्र कुणी खरंच बोललं, म्हणजे ज्याच्या घरी खरोखर गरिबी आहे त्याला गरिबीवरून बोललं, की खेळ तिथेच मोडतो. हे कळतं ते उत्तरावरून. खेळातल्या टोमण्याला उत्तर म्हणून दुसरा टोमणा येतो. खरा घाव बसला तर माणूस नाकारतो, खुलासा करतो किंवा गप्प होतो.

आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात हीच शिस्त होती. कलगीवाले शक्तीला थोर म्हणायचे, तुरेवाले शिवाला, आणि रात्रभर कोड्यांतून, कवनांतून एकमेकांची खिल्ली चालायची. पण फड कुणाचा, पाळी कुणाची, ऐकणारे कोण हे ठरलेलं असे. शिवाय पुढच्या जत्रेत तेच शाहीर पुन्हा समोरासमोर येणार असत. ज्याच्याशी परत गाठ पडणार आहे त्याला माणूस जपूनच डिवचतो.

आता ऑनलाइन खेळातली मांडणी पाहा. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळाचं उदाहरण घेतो, कारण खेळातल्या शिवीगाळीवर याच खेळात सर्वांत जास्त आणि सर्वांत उघडपणे प्रयोग झाले. लॉस एंजेलिसच्या रायट गेम्सने तो 2009 च्या ऑक्टोबरमध्ये आणला. 2014 पर्यंत महिन्याला सहा कोटींहून अधिक लोक तो खेळत होते. पाच विरुद्ध पाच असा सामना. खेळाडू एकटा आला की संगणक त्याच्याच तोडीचे नऊ अनोळखी लोक शोधतो आणि दोन संघ पाडतो. सामना साधारण अर्धा तास चालतो. संपला की ते नऊ जण बहुधा आयुष्यात पुन्हा भेटत नाहीत. म्हणजे पुढची जत्रा नाहीच.

सामना कसा बिघडतो ते एका कल्पित पोराला घेऊन पाहू. तो नकाशाच्या मधल्या वाटेवर खेळतोय. तिला मिड लेन म्हणतात. चौथ्या मिनिटाला तो जरा पुढे सरकतो आणि मरतो. मारणाऱ्याला त्याबद्दल 300 सोन्याची नाणी मिळतात. त्यातून तो चांगलं हत्यार घेतो आणि पुढच्या झुंजीत मुळातच ताकदवान होऊन येतो. आपला पोरगा सातव्या मिनिटाला पुन्हा मरतो. आता मधल्या वाटेवरचा शत्रू इतका माजलाय की तो बाजूच्या वाटांवर जाऊन दुसऱ्यांनाही मारू लागतो. एकाची चूक अशी चौघांच्या अंगावर येते. खेळाच्या भाषेत याला ‘फीड करणं’ म्हणतात. म्हणजे तुम्ही शत्रूला खाऊ घालताय.

आणि इथून सुटका नाही. मध्येच सोडून गेलात तर तुम्हालाच शिक्षा होते. हार मानायची तरी पंधराव्या मिनिटाआधी सोय नाही. तेव्हाही पाचही जणांचं एकमत लागतं. विसाव्या मिनिटानंतर पाचांतल्या चौघांचं पुरतं. म्हणजे हरलेला सामना अनोळखी चौघांसोबत ओढत बसायचा. त्यात सामना क्रमवारीचा असेल तर प्रत्येकाचा रँकही खाली येणार.

आता यात बोलायला वेळ कधी मिळतो? जिवंत असताना एक हात माउसवर आणि दुसरा चार-पाच कळांवर असतो. टाइप करायची सवड मिळते ती मेल्यावर. मेलेला खेळाडू पुन्हा उभा राहण्याआधी काही सेकंद थांबतो. सुरुवातीला दहा-पंधरा, सामना लांबला की जवळपास मिनिटभर. पडदा राखाडी झालेला असतो, हात मोकळे असतात, नुकताच अपमान झालेला असतो आणि समोर कोरी चॅटची चौकट उघडी असते. अर्ध्या तासातला सर्वांत रागीट क्षण आणि बोलता येणारा क्षण हे एकच असावेत, अशीच जणू रचना आहे. कुणी मुद्दाम केलेली नसेल, पण आहे.

म्हणून इथली गरळ बरेचदा शत्रूवर पडत नाही. ती पडते आपल्याच संघावर. बाहेरच्यांना हे चटकन पटत नाही. शत्रूने तुम्हाला मारलं हे त्याचं कामच होतं. राग येतो तो ‘तू मदतीला का आला नाहीस’ याचा. नकाशाभर फिरून सर्वांना मदत करणारा एक खेळाडू असतो, त्याला जंगलर म्हणतात. संघ हरला की खापर ठरल्यासारखं त्याच्या डोक्यावर फुटतं. शब्दांची गरज असतेच असं नाही. या खेळात ‘इथला शत्रू दिसेनासा झालाय, सांभाळा’ हे सांगायला नकाशावर प्रश्नचिन्ह टाकायची सोय आहे. खेळाडू ते प्रश्नचिन्ह मेलेल्या सोबत्याच्या प्रेतावर टाकतात. एकदा, दोनदा, आठदा. ‘हे काय केलंस?’ एवढाच त्याचा अर्थ.

इथे लबॉवची खूण लावून बघा. शत्रूने चिडवलं तर तुम्ही पुढच्या झुंजीत त्याला मारून उत्तर देऊ शकता. खेळच तुम्हाला परतफेडीची पाळी देतो. सोबत्याने ‘तू आहेसच कशाला, डिलीट कर गेम’ म्हटलं तर पाळी कुठली? त्याला मारता येत नाही, सोडून जाता येत नाही, आणि तो म्हणतोय त्यात थोडं खरंही आहे, कारण तुम्ही दोनदा मेला आहातच. मग माणूस खुलासे देत बसतो. ‘लॅग होता’, ‘तू आला नाहीस’. खुलासे सुरू झाले की समजावं, खेळातलं चिडवणं संपलंय. ज्या मारात परतीचा टोला द्यायची जागाच उरत नाही, त्याला मी चुरस म्हणणार नाही.

रायटला हे प्रकरण हाताबाहेर चाललेलं दिसत होतं. मे 2011 मध्ये त्यांनी खेळाडूंचंच एक न्यायमंडळ उभं केलं. नाव ट्रायब्युनल. एखाद्याविरुद्ध पुरेशा तक्रारी आल्या की त्या सामन्यांतलं सगळं संभाषण आणि आकडे इतर खेळाडूंसमोर ठेवायचे. त्यांनी वाचून ‘शिक्षा’ किंवा ‘माफी’ यांपैकी एक मत द्यायचं. कल्पना भाबडी वाटेल, पण लोकांनी मनावर घेतली. या नोंदींवर पुढे जेरेमी ब्लॅकबर्न आणि हेउन क्वाक या दोन संशोधकांनी 2014 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या हाती लागलेला ढीग एक कोटीहून जास्त तक्रारींचा होता आणि त्यात साडेचौदा लाखांच्या आसपास आरोपी खेळाडू होते.

कंपनीच्या आत जेफ्री लिन हा संज्ञानात्मक चेताविज्ञानात पीएचडी केलेला माणूस खेळाडूंच्या वर्तनाचा विभाग सांभाळत होता. त्याच्या गटाने आधी शोधलं की हे करतं कोण. सगळ्यांची समजूत एकच होती की मूठभर नासके आंबे अढी नासवतात, ते काढले की झालं. आकड्यांनी ते खोटं ठरवलं. सतत घाण बोलणारे मूठभर होते खरे, पण 2014 मध्ये ‘वायर्ड’ मासिकाला कंपनीने दिलेल्या हिशेबानुसार एकूण गैरवर्तनातला त्यांचा वाटा 13 टक्क्यांच्या आसपास होता. उरलेलं 87 टक्के कुणाचं? एरवी नीट वागणाऱ्यांचं. ज्यांचा दिवस वाईट गेला होता, आधीचे दोन सामने हरले होते, अशांचं. एकाचा वाईट दिवस नऊ जणांना लागतो आणि त्यातला एखादा पुढच्या सामन्यात तो घेऊन जातो.

मला या सगळ्या कामातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. गुन्हेगार वेगळ्या जातीचे नसून आपणच असू, तर नुसत्या हकालपट्टीने फार काही साधणार नाही. सवयीच्या वाटेवर कुठेतरी एखादी उंबऱ्याची उंची वाढवावी लागेल.

त्यांनी ती वाढवून पाहिली. दोन संघांमधलं चॅट तोवर आपोआप सुरू असायचं. कंपनीने ते आपोआप बंद ठेवलं. बंदी नाही, काही नाही. हवं असेल त्याने सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची, की सुरू. त्याआधीच्या आठवड्यात प्रतिस्पर्ध्यांमधल्या बोलण्यातलं 80 टक्क्यांहून जास्त नकारात्मक असल्याचं खेळाडू सांगत होते. बदलानंतरच्या आठवड्यात नकारात्मक बोलणं 30 टक्क्यांहून अधिक घटलं आणि चांगलं बोलणं 35 टक्क्यांच्या जवळपास वाढलं. आश्चर्य म्हणजे चॅट वापरणाऱ्यांचं प्रमाण तेवढंच राहिलं. लोकांनी जाऊन खूण केली. पण जो मुद्दाम दार उघडून बाहेर येतो तो बहुधा गप्पा मारायला येतो. रागाच्या पंधरा सेकंदांत सेटिंग शोधत बसायला कुणाला सुचत नाही.

दुसरा प्रयोग आणखी बारीक. सामना सुरू होण्याआधी पडदा काही वेळ रिकामा असतो, तिथे एक ओळ दाखवायची. ‘चुकल्यावर सोबत्याला छळलं तर त्याचा खेळ आणखी बिघडतो’ अशा अर्थाची ती ओळ लाल अक्षरांत दाखवली तेव्हा अपमानास्पद भाषा 11 टक्क्यांनी आणि शिवीगाळ 6 टक्क्यांहून थोडी जास्त घटली. त्याच ओळीचा रंग बदलला की तिचा प्रभाव ओसरला. आणि पाहा, ओळीत सभ्यतेचं आवाहन नाहीच. ‘असं केलंस तर हरशील’ एवढंच आहे. ज्याला जिंकायचंय त्याच्याशी जिंकण्याच्याच भाषेत बोललं गेलं.

तिसरी गोष्ट शिक्षेबद्दलची. नुसतं ‘तुझं खातं अमुक दिवस बंद’ म्हटलं तर माणूस चडफडतो आणि परत येऊन तेच करतो. कारण कळवलं तेव्हा पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा शिक्षेची वेळ न आलेले निम्मे निघाले. त्याच्यासमोर त्याच्याच संभाषणाची प्रत आणि न्यायमंडळाचा निर्णय ठेवला तेव्हा हे प्रमाण 65 टक्क्यांवर गेलं. आपण रागात काय टाइप केलं होतं हे शांतपणे वाचायची वेळ बहुतेकांवर आलेलीच नसते.

हे सगळे आकडे कंपनीचे स्वतःचे आहेत, बाहेरच्या कुणी तपासलेले नाहीत, हे लक्षात ठेवून ते घ्यावेत. शिवाय यातून खेळ निर्मळ झाला असंही नाही. ट्रायब्युनल 2014 मध्ये बंद पडलं. त्याचा निकाल यायला फार वेळ लागे, आणि चार दिवसांनी आलेल्या शिक्षेचा चार दिवसांपूर्वीच्या रागाशी काही संबंध उरत नाही. लिन 2016 मध्ये कंपनी सोडून गेला. ऑक्टोबर 2021 मध्ये तर रायटने प्रतिस्पर्ध्यांमधलं चॅटच काही काळासाठी काढून टाकलं. तेव्हा खेळाडूंनी जी ओरड केली ती मला पटते. तिथे विष होतं, पण ‘मस्त मारलंस राव’ म्हणायची जागाही तीच होती. पुढे ते चॅट परत आलं.

याच गोष्टीवर ‘ओव्हरवॉच’वाल्यांनी जास्त मिश्कील तोडगा काढला. सामना संपला की ‘जीजी’, म्हणजे छान खेळ झाला, असं लिहायची पद्धत आहे. बुद्धिबळात डाव संपल्यावर हात मिळवतात तसं. हरलेल्याच्या नाकावर टिच्चून त्याला ‘ईझी’ जोडायची खोडही तितकीच रुळलेली आहे. ब्लिझर्डने त्यावर बंदी घातली नाही. कुणी ‘जीजी ईझी’ टाइप केलं की पडद्यावर त्याच्या नावाने भलतंच उमटायचं. ‘माझी झोपायची वेळ टळून गेलीय, आईला सांगू नका’ अशा थाटाचं. टपली मारणाऱ्यालाच टपली. छळाला छळ न म्हणता त्याचं हसं करायचं, ही ट्रॅश टॉकच्या मूळ रीतीला धरून केलेली दुरुस्ती होती.

पण सगळंच असं हसण्यावारी नेता येत नाही, आणि इथे ‘थोडी मस्करी सहन करायला शिका’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. काही गोष्टी रागाच्या भरातल्या नसतातच. त्यांचा हरण्या-जिंकण्याशी संबंध नसतो. 2013 मध्ये जेफ्री कुझनेकॉफ आणि लिंडसी रोझ या दोन अभ्यासकांनी ‘हेलो 3’ या गोळीबाराच्या खेळात एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आधीच ध्वनिमुद्रित केलेली निरुपद्रवी वाक्यं, म्हणजे ‘हा नकाशा मला आवडतो’ किंवा ‘छान नेम’ अशा जातीची, अनोळखी सामन्यांमध्ये वाजवायची. कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या, कधी काहीच नाही. वाक्यं तीच आणि खेळ सारख्याच दर्जाचा. बाईच्या आवाजाला तिप्पट नकारात्मक प्रतिक्रिया आल्या. दोन वर्षांनी मायकल कासुमोविच याच्यासोबत कुझनेकॉफने हीच नोंद पुन्हा तपासली. तेव्हा दिसलं की जे पुरुष कच्चे खेळत होते तेच बाईच्या आवाजावर जास्त तुटून पडत होते. पुरुषाच्या आवाजासमोर तेच नरम होते. चांगले खेळणारे बाईशीही बरं बोलत होते.

हिला चुरस म्हणता येत नाही, कारण चुरस निदान खेळाकडे बघते. इथे समोरचीने काय खेळ केला हे कुणी पाहतच नाही. तिने तोंड उघडलं हाच गुन्हा. म्हणून कितीतरी मुली माइक बंद ठेवून, पुरुषी नाव घेऊन खेळतात. ज्या खेळात सोबत्याला ‘डावीकडून येतोय’ हे ओरडून सांगणं म्हणजे अर्धी लढाई, तिथे त्या मुक्याने खेळतात आणि वर ‘हिला टीमवर्क येत नाही’ हेही ऐकतात.

याचं टोक किती लांब जाऊ शकतं ते 28 डिसेंबर 2017 रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात दिसलं. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या एका सामन्यावर दोघांची दीड डॉलरची पैज होती. तेवढ्यावरून भांडण पेटलं. एकाने दुसऱ्याला आव्हान दिलं आणि आपला पत्ता म्हणून एक जुना पत्ता सांगितला. पहिल्याने लॉस एंजेलिसमधल्या तिसऱ्या एकाला गाठलं, आणि त्याने विचिटाच्या पोलिसांना खोटा फोन करून त्या पत्त्यावर खून आणि ओलीस प्रकरण असल्याचं सांगितलं. पोलिसांनी घर वेढलं. दार उघडून बाहेर आलेला 28 वर्षांचा माणूस पोलिसाच्या गोळीने मेला. त्याने तो खेळ खेळला नव्हता, भांडणाऱ्यांना तो ओळखतही नव्हता. खोटा फोन करणाऱ्याला 2019 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली.

हे उदाहरण घाबरवायला सांगत नाही. त्यात रेषा नेमकी कुठे ओलांडली गेली ते स्वच्छ दिसतं म्हणून सांगतो. ‘तुला काही खेळता येत नाही’ इथपर्यंत सगळं खेळाच्या आत आहे. ‘राहतोस कुठे’ हे विचारलं गेलं त्या क्षणी ते बाहेर आलं. पत्ता, फोन नंबर, शाळेचं नाव, इन्स्टाग्रामचं खातं, घरातल्यांचे फोटो यांपैकी कशाचाही उल्लेख सामन्यात आला तर समोरचा किती हसून बोलतोय याकडे लक्ष देऊ नये. सामना संपल्यावर जो दुसऱ्या अ‍ॅपवर मागे येतो, त्याचंही तेच.

महाराष्ट्रातली मुलं ‘लीग ऑफ लेजेंड्स’पेक्षा बीजीएमआय आणि व्हॅलोरंट जास्त खेळतात. तिथे भानगड टाइप करण्यापेक्षा बोलण्याची आहे. चौघांचा स्क्वॉड, कानाला हेडफोन, आणि तुमच्या गटात संगणकाने टाकलेले तीन अनोळखी आवाज. ‘बॉट आहेस का’, ‘नूब’, ‘रिव्हाइव्ह दे ना’ इथपासून सुरुवात होते आणि एखाद्याच्या बोलण्याच्या ढबीवरून तो कुठल्या राज्याचा हे कळलं की त्यावरून पुढे. लिहिलेलं फिल्टरला निदान वाचता येतं. बोललेलं हवेत विरतं. आणि लिहिलेल्याचीही आपल्याकडे वेगळी पंचाईत आहे. मराठी किंवा हिंदी शिवी मुलं रोमन लिपीत टाइप करतात. एकाच शिवीची दहा स्पेलिंगं होतात, त्यात एखादं अक्षर आकड्याने बदललेलं. इंग्रजी शब्दांच्या यादीवर चालणारा फिल्टर तिच्यावरून सरळ निघून जातो. समोरच्या मराठी मुलाला मात्र ती पहिल्या नजरेत कळते. म्हणून आपल्या भाषांत माणसाने केलेली तक्रार हाच मुख्य आधार आहे. ती करताना ‘वाईट बोलला’ एवढंच न लिहिता काय बोलला आणि त्याचा अर्थ काय, हे लिहावं. तपासणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही.

पालक मला विचारतात की मुलगा हेडफोन लावून ओरडतो, तर ती मस्ती समजायची की काळजीची बाब? शब्दांवरून ओळखायला जाऊ नका, ते तुम्हाला नेहमीच भयंकर वाटतील. सामना संपल्यावर काय होतं ते बघा. ज्यांनी एकमेकांना अर्धा तास मनसोक्त हिणवलं ते पुढच्या सामन्याला पुन्हा एकत्र बसले, कालच्या हरलेल्याने आज पहिला टोमणा मारला, तर निवांत राहा. पाळी फिरतेय. तोच मुलगा रोज ऐकून घेतोय आणि कधी परत मारत नाही, ठरावीक लोक ऑनलाइन दिसले की खेळ बंद करतो, किंवा खेळ बंद केल्यावरही फोन वाजला की दचकतो, तर पाळी फिरत नाहीये. आणि हो, कधी कधी हे सगळं नीट पाहिल्यावर कळतं की ऐकून घेणारा दुसऱ्या कुणाचा मुलगा आहे आणि ऐकवणारा आपला.

कायद्याचं म्हणाल तर ‘मला नूब म्हटलं’ म्हणून पोलीस येणार नाहीत, आणि येऊही नयेत. ऑनलाइन त्रासदायक मजकुराला सरसकट गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं ते योग्यच होतं. ते इतकं ढगळ होतं की त्यात कुणालाही बसवता आलं असतं. मात्र जिवाची किंवा इजेची धमकी हा भारतीय न्याय संहितेत कलम 351 खाली गुन्हा आहे. एखाद्या मुलीने नको सांगूनही पुरुषाने वारंवार संपर्क साधत राहणं कलम 78 मध्ये पाठलाग ठरतं. अश्लील मजकूर पाठवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 आहे. आणि पीडित 18 वर्षांखालील असेल तर पॉक्सोही लागू होऊ शकतो. तक्रार cybercrime.gov.in वर घरबसल्या नोंदवता येते.

तिथे गाडी अडते ती पुराव्यापाशी. त्रास झाला की मुलं पहिल्यांदा समोरच्याला ब्लॉक करतात आणि चॅट पुसून टाकतात. मन शांत करायला ते ठीक आहे, पण मग हातात काही उरत नाही. आधी पडद्याचा फोटो घ्यायचा. त्यात समोरच्याचं नाव, खात्याचा आयडी, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. बीजीएमआयमध्ये खेळाडूचं नाव बदलता येतं, आयडीचा आकडा तोच राहतो, म्हणून नावापेक्षा तो महत्त्वाचा. आवाजातला छळ असेल तर फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावून ठेवावं, आणि आवाज खरंच त्यात येतो का हे आधी मित्रासोबतच्या सामन्यात तपासून घ्यावं. बऱ्याच फोनवर खेळाचा आवाज येतो आणि माणसांचा येत नाही. मग खेळाच्या आतून तक्रार, त्यानंतर म्यूट किंवा ब्लॉक. उलट शिवी मात्र देऊ नये, कारण तपासणाऱ्यासमोर दोघांचंही संभाषण जातं. ‘लीग’मध्ये चॅटच्या चौकटीत `/mute all` टाइप केलं की सगळ्यांचंच बोलणं बंद होतं. मुरलेले कितीतरी खेळाडू सामना सुरू होताच पहिली ओळ म्हणून तीच टाइप करतात, अजून कुणी मेलेलं नसतं तेव्हा.